पांढरी सोडून

"माझ्या ईमेलातनं एक शंका काढून दाखवा, हे ऑफिस तुमच्या नावावर करून देतो," हंबीरराव काटकर म्हणाले.

ऑफिस कराडात, एका खताच्या दुकानाच्या माडीवर होतं आणि भाड्याचं होतं. ऐकणारा माणूस म्हणजे ऑफिसचा मालक, खालचा खतवाला. त्यामुळं त्यानं काही मनावर घेतलं नाही. चहा पिऊन तो खाली गेला. पुढच्या आठवड्यात शिंगणेवाडीच्या कोंबड्यांना बेचाळीसची चळवळ बघायला मिळाली आणि गावाला मिळाली नाही. पण ते क्रमानं सांगायला पाहिजे. हंबीररावांना क्रम फार प्रिय.

हंबीरराव फौजेत क्लार्क होते. बराकी बांधणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गोळी त्यांनी एकदाही चालवली नाही, पण पत्रं अशी लिहिली की समोरचा अधिकारी दुसऱ्यांदा विचारायला धजत नसे. रिटायर झाल्यावर त्यांनी कंत्राटं घ्यायला सुरुवात केली. पहिलं काम विट्यात, एका शाळेच्या संडासाचं. पोटकंत्राटदाराला फोनवर ऐकू आलं, "दार आत उघडू दे." त्या माणसानं दार आत उघडेल असं बसवलं. आतली जागा एवढीशी होती की दार उघडलं की माणूस मावत नव्हता आणि माणूस मावला की दार लागत नव्हतं. हंबीरराव म्हणाले, मी 'उघडू नको देऊ' म्हटलं होतं. पोटकंत्राटदार म्हणाला, 'उघडू दे' म्हटलं होतं. फोनवर दोघंही खरे. कंत्राट गेलं.

तेव्हापासून हंबीररावांनी ठरवलं की पुढं सगळं लेखी, ईमेलवर. तोंडी एक अक्षर नाही.

शिंगणेवाडीच्या ग्रामपंचायतीनं काम दिलं ते असं: गावठाणातल्या भिंती साफ करून रंगवायच्या आणि त्यांवर सन बेचाळीसच्या चळवळीतले प्रसंग काढायचे. तारा तोडल्या ते, टपालाच्या थैल्या पळवल्या ते, तिरंगा घेऊन चावडीवर गेले ते. गावातल्या जुन्या माणसांनी ते केलेलं होतं आणि आता त्यातलं कुणी उरलं नव्हतं, म्हणून भिंतीवर तरी उरावं असं सरपंच लीलाबाईंच्या मनात आलं.

हंबीररावांना मात्र या कामातनं वेगळंच पाहिजे होतं. पंचायत समितीत तालुक्याच्या कंत्राटदारांची नवी यादी निघणार होती. यादीत नाव लागलं तर पुढची कामं आपोआप येणार, नाही लागलं तर खताच्या दुकानाच्या माडीवर बसून चहा पीत राहायचं. नाव लागायला एकच गोष्ट लागत होती. पूर्ण केलेल्या एका तरी कामाचा दाखला. विट्याचा दाखला मागायला जायची त्यांची हिंमत नव्हती. म्हणून शिंगणेवाडी.

चित्रं काढायला त्यांनी सांगलीचा कुतुबुद्दीन पेंटर धरला. कुतुबुद्दीननं तरुणपणी सिनेमाचे बोर्ड रंगवले होते, मग बोर्ड छापून यायला लागले तेव्हा टेम्पोच्या पाठी रंगवल्या, आणि आता शाळांच्या भिंती रंगवत होता. हात अव्वल होता. त्याचा धंद्याचा ईमेल त्याची बायको अख्तरबी बघायची. ती सांगलीत घरी बसून मेल वाचायची, उत्तरं द्यायची, रंग मागवायची. कुतुबुद्दीन फक्त रंगवायचा आणि ती सांगेल ते ऐकायचा.

मेल लिहायला हंबीररावांना एक पूर्ण दुपार लागली. मेल खरंच चांगला होता, हे कबूल केलं पाहिजे. सुरुवातीला कामाचा हेतू. मग काय करायचं आणि काय करायचं नाही. मग दर्जा: भिंत घासून, धुऊन, पूर्ण वाळल्यावर प्रायमर, त्यावर बाहेरच्या भिंतीचा इमल्शन रंग दोन हात, पहिला हात सुकल्याशिवाय दुसरा नाही. ओल्या भिंतीवर किंवा चुन्यावर रंग लावायचा नाही, लावलेला आढळला तर खरवडून पुन्हा. चित्रात सन बेचाळीसनंतरची एकही वस्तू दिसता कामा नये. मग मुदत: कधी सुरू, निम्मं कधी, पूर्ण कधी, शुक्रवारी इंजिनियर साहेबांची तपासणी. मग अहवाल: रोज संध्याकाळी मेल, त्यात आज काय झालं, उद्या काय करणार, अडचण काय, आणि सोबत फोटो. फोटो दोन हात अंतरावरून काढायचा, म्हणजे ब्रशच्या खुणा आणि रंगाची जाडी तपासता येईल. शेवटी बदल: गावातल्या कुणाचंही तोंडी ऐकायचं नाही. बदल करायचा असेल तर माझा मेल येईल, तोच खरा.

एका ठिकाणी मात्र ते थांबले. शिंगणेवाडीचं गाव एकीकडं आणि वस्त्या उसाच्या रानात सगळीकडं पसरलेल्या. पेंटर आला म्हटल्यावर प्रत्येक वस्तीवाला म्हणणार, माझ्या गोठ्यावर पण एक तिरंगा काढा. ते बंद करायला पाहिजे होतं. 'गावठाणाबाहेर काम करू नये' असं त्यांनी लिहिलं आणि खोडलं. फार सरकारी वाटलं. जुन्या माणसांच्या तोंडी गावठाणाला पांढरी म्हणतात, रानाला काळी. हंबीररावांच्या आज्याच्या खरेदीखतात पण तसंच होतं. तो शब्द त्यांना भारदस्त वाटला. त्यांनी लिहिलं:

'पांढरी सोडून एकाही भिंतीला रंग लावायचा नाही.'

वाक्य त्यांनी तीनदा वाचलं. शंकेला जागाच नव्हती. खाली लिहिलं, 'शंका असल्यास चोवीस तासांत मेलने विचारावी, अन्यथा सर्व समजले असे धरले जाईल.' मेल पाठवला आणि कोयनानगरला निघून गेले. तिथं एका विश्रामगृहाच्या छपराच्या दुरुस्तीचं काम ते दुसऱ्याच्या नावावर करत होते.

इकडं सांगलीत अख्तरबीनं चष्मा लावून मेल मोठ्यांदा वाचला. कुतुबुद्दीन ब्रश धूत ऐकत होता.

"माणूस शिकलेला दिसतोय," तो म्हणाला.

"गप ऐका. पांढरी सोडून एकाही भिंतीला रंग लावायचा नाही."

"म्हणजे पांढऱ्या भिंतीच रंगवायच्या?"

"तसंच लिहिलंय. पांढरी सोडून एकाही भिंतीला नाही."

"आन निळी असली तर?"

"निळी पांढरी हाय का?"

"न्हाई."

"मग?"

कुतुबुद्दीननं विचार केला. निळ्यावर, लालवर चित्र काढायचं म्हणजे खालचा रंग वर येतो, प्रायमर जास्त खातं. पांढऱ्यावर चित्र उठून दिसतं. माणसाला कामातलं कळतंय, असं त्याचं मत झालं.

"काही शंका विचारू?" अख्तरबीनं विचारलं.

"शंका कुठं हाय यात?"

तिनं उत्तर लिहिलं: 'आपला मेल मिळाला. सर्व समजले. मान्य.' कोयनेच्या घाटात एका वळणावर रेंज यायची, तिथल्या कठड्यावर बसून हंबीररावांनी ते वाचलं आणि मेल काय असतो ते विट्याच्या त्या माणसाला दाखवावं असं त्यांना वाटलं.

आता शिंगणेवाडीच्या गावठाणात पांढरी भिंत शोधायची म्हणजे अवघड. चावडी विटकरी, शाळा पिवळी, सोसायटी निळी, तालीम गेरूची, घरं हिरवी, गुलाबी, काही नुसत्या मातीची. कुतुबुद्दीन टेम्पो घेऊन सगळ्या आळ्यांतनं फिरला आणि त्याला अख्ख्या गावात एक पांढरी भिंत सापडली. ती जनावरांच्या दवाखान्याची होती. तिच्यावर त्यानं टपालाच्या थैल्या पळवल्याचा प्रसंग काढला, आणि इतका छान काढला की दवाखान्यात आलेली म्हैस दोन पावलं मागं सरली.

मग तो रानात गेला. रानात पांढऱ्या भिंतींचा सुकाळ. वस्तीवरची नवी स्लॅबची घरं, पंपाची खोली, स्मशानाचं शेड, हरिबाचं कोंबड्यांचं शेड. हरिबा हा त्या रानातला जरा मोठा बागायतदार. शेड चांगलं लांबलचक होतं. कुतुबुद्दीन तिथं टेम्पो थांबवून भिंतीकडं बघत उभा राहिला. हरिबा बाहेर आला.

"काय पायजे?"

"ही भिंत घ्यावी म्हणतोय. तारा तोडल्याचा प्रसंग बसतोय हिच्यावर बरोबर."

"पैसं किती?"

"पैसं न्हाईत. पंचायतीचं काम हाय."

हरिबानं पंचायतीकडनं आजवर नोटिशीशिवाय काही फुकट घेतलेलं नव्हतं. त्यानं खाट टाकली आणि बघत बसला. चित्रात एक माणूस खांबावर चढून तार तोडत होता, खाली चारजण पहारा देत होते. दुसऱ्या दिवशी हरिबा म्हणाला, "पेंटर, त्या चौघांत एक मी असू दे की."

"तुमचा जन्म कवाचा?"

"एकोणसाठचा."

"न्हाई बसत. बेचाळीसनंतरचं काही दिसता कामा नये, असं लेखी हाय."

"माझा आजा तरी घाल मग. मी त्याच्यासारखाच दिसतोय, समदी म्हणत्यात."

"मेल आणा काटकर साहेबांचा."

कुतुबुद्दीनचे अहवाल रोज जात होते. फोटो पाठवायचा अख्तरबीला, ती मेल करायची. 'आज स्मशानाची पूर्ण. उद्या पंपाची. पांढरी सोडून कशालाही हात लावलेला नाही. अडचण: नाही.' सोबत फोटो, बरोबर दोन हातांवरून. फोटोत दिसायचा एखादा गुडघा, खांबाचा तुकडा, निळं आभाळ, आणि रंग एकसारखा, ब्रशची खूण नाही की ओघळ नाही. मागं कोंबडी हाय का शाळा हाय ते दोन हातांवरनं दिसायचा प्रश्नच नव्हता.

'स्मशानाची' या शब्दापाशी हंबीरराव जरा अडले. पण स्मशानाकडच्या आळीची भिंत असेल असं त्यांनी धरलं आणि उत्तर लिहिलं: 'काम समाधानकारक. याच पद्धतीने चालू ठेवावे.'

हे उत्तर आलं म्हटल्यावर कुतुबुद्दीनला जी काय बारीक शंका होती ती पण गेली.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी लीलाबाई सरपंच स्वतः त्याला गाठायला रानात गेल्या. गावात काम दिसेना आणि हरिबाच्या शेडावर मात्र माणसं बघायला यायला लागलेली.

"पेंटरभाऊ, चावडी कवा धरणार?"

"चावडी न्हाई धरायची, ताई."

"न्हाई धरायची? आवं, त्या चावडीवर तर निशाण लावलंवतं. ते चित्र काय संडासावर काढणार व्हय?"

"वस्तीवरच्या जोतिबांच्या संडासावर काढलंय ते," कुतुबुद्दीन म्हणाला. "पांढरा हाय. जागा कमी पडली, पण निशाण बसलं."

लीलाबाईंनी तिथनंच हंबीररावांना फोन लावला. हंबीरराव घाटातल्या कठड्यावर होते.

"हंबीरदादा, तुमचा माणूस माझं आयकंना."

"न्हाईच ऐकायचा, वैनी. तसंच लिहून दिलंय त्याला. उद्या तुमी सांगाल, परवा आणिक कोण सांगंल, कामाचा बट्ट्याबोळ हुतोय त्यानं."

"आवं पर त्यो—"

"वैनी, पत्रात सगळं हाय. शिस्त हाय ती. फौजेत—"

एक एसटी वळणावरून गेली, हंबीरराव कठड्यावरून उठून बाजूला झाले आणि रेंज गेली.

लीलाबाईंनी फोन कमरेला खोचला. "बरं, मला एवढंच सांगा," त्या कुतुबुद्दीनला म्हणाल्या. "चावडी का नगं तुमाला?"

"विटकरी हाय. पांढरी सोडून कशाला हात लावायचा न्हाई, असा हुकूम हाय."

"आन पांढरी असती तर?"

"लगेच घेतली असती."

लीलाबाई आणखी वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी गावात दवंडी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळपासनं सगळ्या गावानं चुना कालवला. बायांनी नवऱ्यांना शिडीवर चढवलं. चावडी, शाळा, सोसायटी, तालीम पांढरी झाली, आणि ज्याला त्याला वाटायला लागलं की आपल्या भिंतीवर पण चित्र यावं, म्हणून ज्यांच्या भिंती कुणी मागितल्या नव्हत्या त्यांनी पण चुना मारला. बनुबाईनं दारातली तुळस तेवढी सोडली. अंबूबाईच्या घराची एकच भिंत रस्त्याकडं होती, पण तिनं चारी मारून घेतल्या, कुठल्या बाजूनं चित्र येतंय काय सांगावं म्हणून. दिवस मावळायच्या आत गाव दुधात बुडवून काढल्यासारखं झालं.

लीलाबाई कुतुबुद्दीनला घेऊन आल्या. "घ्या. आता कुठं ब्रश ठेवायचा तिथं ठेवा. समदी पांढरी हाय."

कुतुबुद्दीन हरखून गेला. जवळ गेला. चावडीच्या भिंतीला बोट लावलं. बोट पांढरं झालं. मग नखानं खरवडलं, पापुद्रा निघाला.

"ताई," तो म्हणाला, "हा चुना हाय."

"मग काय दही असतंय?"

"चुन्यावर रंग धरत न्हाई. ओल्यावर तर न्हाईच. दर्जाच्या खाली लिहिलंय, चुन्यावर लावलेला आढळला तर खरवडून पुन्हा."

"आवं, पांढरी पायजे म्हणलासा, पांढरी केली."

"पांढरी पायजे, पर चुना नगो."

"पेंटरभाऊ, तुमी लगीन केलंयसा का?"

"व्हय."

"कशी काय ऱ्हाती ती तुमच्यासंगं?"

हे असं चाललेलं असताना हंबीरराव मोटारसायकलवरून आले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, तपासणी. अहवाल इतके चांगले होते की ते मुद्दाम अर्धा दिवस आधी काम बघायला आले होते. येताना आपण समोरच्या माणसाला शाबासकी कशी द्यायची, ते त्यांनी ठरवलं होतं. चौकात त्यांनी गाडी बंद केली. चारी बाजूला पांढरं, आणि चौकात एकही चित्र नाही. दवाखान्याकडची म्हैस सोडली तर कुणी चित्राकडं बघत नव्हतं.

"कुतुबुद्दीन," ते म्हणाले, "चित्रं कुठायत?"

"पांढरीवर, साहेब."

"ही कोण मग? ही काय हिरवी हाय?"

"ही आजची पांढरी हाय. मी कालपर्यंतची पांढरी रंगवली. हरिबांचं शेड, पंपाची खोली, स्मशान. स्मशान आपल्याला आवडलं असं मेलात हाय."

हंबीररावांनी फोन काढला आणि स्वतःचा मेल उघडला. वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. ते वाचता वाचता त्यांच्या तोंडावरचा रंग जो काय होता तो चावडीसारखा झाला.

"पांढरी म्हणजे गावठाण रं," ते हळू म्हणाले. "रान म्हणजे काळी. तुला कुणी सांगितलं न्हाई आजवर?"

"मी सांगलीत वाडलो, साहेब. आमच्यात पांढरी म्हणजे पांढरी."

लीलाबाई तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळल्या. त्यांचे खांदे हलत होते.

"विचारायचं मला," हंबीरराव म्हणाले. "शंका असली तर विचारा असं लिवलंवतं."

"शंका न्हवती. स्वच्छ लिवलंवतं."

हंबीररावांनी फोन खिशात ठेवला. आयुष्यभर हीच शाबासकी मिळावी म्हणून ते मरत आले होते.

"बरं," ते म्हणाले, "आता चावडी घे. लगेच."

कुतुबुद्दीन जागचा हलला नाही. "मेल?"

"आरं मी समोर हुबा हाय की."

"तोंडी ऐकायचं न्हाई. गावातल्या कुणाचंच न्हाई."

"मी गावातला न्हाई."

"आता गावात हायसा."

हंबीररावांनी शाळेच्या पायरीवर बसून मेल लिहिला, कुतुबुद्दीन शेजारी उभा राहून वाट बघत होता. मेल सांगलीला गेला. थोड्या वेळानं अख्तरबीचं उत्तर आलं, आणि त्यात नुसतं 'मान्य' नव्हतं. तिनं लिहिलं होतं: 'आम्हाला समजलं ते असं. पांढरी म्हणजे गावठाण. गावठाणाबाहेरचं काम बंद. बरोबर असेल तर कळवा. आता विचारायचं ते: कुठल्या कुठल्या भिंती घ्यायच्या, त्यांचे लांबून काढलेले फोटो द्याल का? झालेल्या रानातल्या भिंतींचं काय करायचं? चुना खरवडून, भिंत धुऊन, वाळवून, प्रायमर लावायचा तर मुदत उद्याचीच का? आणि चुना खरवडायचं काम आमच्याकडं की गावाकडं?'

हंबीररावांनी ते दोनदा वाचलं. एवढं सोपं होतं. पहिल्याच मेलला 'मान्य' न मागता 'काय समजलं ते लिहून पाठवा' एवढंच मागितलं असतं तर हरिबाच्या कोंबड्या आज अडाणी राहिल्या असत्या.

"बाई हुशार हाय तुझी," ते म्हणाले.

"व्हय. म्हणून मेल ती बघती."

अख्तरबीनं खाली आणखी एक ओळ लिहिली होती: 'उद्याच्या आत हे होणार नाही. इंजिनियर साहेबांना आजच मेल करून मुदतवाढ मागावी आणि कारण लिहावं.' पण कारण लिहायचं म्हणजे पांढरीचं लिहायला लागणार. हंबीरराव म्हणाले, ते मी समक्ष बघतो.

शुक्रवारी पंचायत समितीचे इंजिनियर साहेब जीपमधनं आले. सोबत टेप घेतलेला एक माणूस आणि कार्यादेशाची प्रत. हंबीररावांनी साहेबांना आधी रानातनं नेलं, वाटेत पंपाची खोली लागेल अशा बेतानं.

"वा," साहेब म्हणाले, "कुणाची ही?"

"आपलीच, साहेब. कामातली."

साहेबांनी प्रत बघितली. "इथं गावठाण लिहिलंय. हे गावठाण हाय?"

"न्हाई, पण चित्र बेचाळीसचं हाय."

"काटकर, मला गावठाणातलं मोजायचं. रानातलं मला दिसलंच नाही."

हरिबाच्या शेडासमोर मात्र साहेबांनी जीप थांबवून दोन फोटो काढले, ते स्वतःसाठी.

गावात आल्यावर टेपवाल्या माणसानं चावडी मोजली, शाळा मोजली, तालीम मोजली. साहेब भिंतीला हात लावत चालले होते आणि पँटला हात पुसत होते. चित्र एकच निघालं, दवाखान्यावरचं. हंबीरराव मागनं चालत होते, यादीतलं आपलं नाव एकेक भिंतीसरशी पुसट होतंय हे त्यांना दिसत होतं.

"चित्रं नाहीत, रंग नाही," साहेब म्हणाले. "मी काय लिहू?"

लीलाबाई मध्ये पडल्या. त्यांना गावची चित्रं पाहिजे होती, आणि हंबीरराव यादीतनं गेले तर ती कोण काढणार हा त्यांच्यापुढं प्रश्न होता. "साहेब, काम झालंच न्हाई असं कसं म्हणता? भिंती घासून साफ केल्या, समद्या गावाला एक हात दिलाय. दादा हुते, पेंटर हुता, आमी हुतो. चित्रांची मुदत वाढवून द्या, हाय त्याचा दाखला द्या."

साहेबांनी विचार केला. भिंती साफ होत्या, हे खोटं नव्हतं. एकसारख्या होत्या, हे पण खोटं नव्हतं. माणूस रडकुंडीला आलेला होता आणि पोल्ट्रीवरचं चित्र खरंच झकास होतं.

"जेवढं झालंय तेवढ्याचा दाखला देतो," ते म्हणाले. "यादीला चालेल. चित्रांना पुढची मुदत. पण काटकर, दाखल्यात मी डोळ्यानं बघितलं तेवढंच लिहिणार. शंका राहता कामा नये."

"अगदी स्पष्ट लिवा, साहेब," हंबीरराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते चुन्यानं आलं असं त्यांनी कुतुबुद्दीनला सांगितलं.

त्यांनी त्याच संध्याकाळी चौकात उभं राहून लांबून सगळ्या भिंतींचे फोटो काढले आणि सांगलीला पाठवले. 'चुना खरवडायचं काम गावाकडे,' असंही लिहिलं. लीलाबाईंनी ते मान्य केलं. अंबूबाईनं केलं नाही.

सोमवारी पंचायत समितीतनं मेल आला. दाखला जोडलेला होता, शिक्का होता, सही होती, आणि नियमाप्रमाणं त्याची प्रत तालुक्यातल्या सगळ्या ग्रामपंचायतींना माहितीसाठी रवाना झालेली होती. कामाचा तपशील एका वाक्यात होता:

'दाखला देण्यात येतो की, श्री. हंबीरराव काटकर, कंत्राटदार, यांनी सरपंचांच्या संमतीने शिंगणेवाडीच्या संपूर्ण गावाला चुना लावला.'